दोन महिने पगार नाही. पेरोलला एवढा नरम मेल बरा का?

गोदामवाला: चाकणहून 2 जानेवारीला भिवंडीच्या गोदामात बदली झाली, सुपरवायझर आहे. जानेवारी-फेब्रुवारीचा पगार आलेला नाही. हाताखालच्या पोरांचा वेळेवर झाला. उद्या हा मेल टाकतोय, बघा जरा:

'नमस्कार. माझा जानेवारी व फेब्रुवारीचा पगार अद्याप जमा झालेला नाही. काही अडचण असल्यास कळवावे व सवडीने लक्ष घालावे, ही विनंती.'

खडूस_काका: सवडीने?! घरभाडं सवडीने देतोस का? मेल सोड, सरळ लेबर ऑफिसात अर्ज टाक.

पेरोलमधली: काका, थांबा. पोरांचा झाला आणि याचाच राहिला, म्हणजे कंपनीकडे पैसा आहे, नाव कुठेतरी अडकलंय. दादा, आधी पीएफचं पासबुक बघा. जानेवारीची नोंद असेल तर पगार निघालाय आणि बँकेतून परत गेलाय किंवा कोणीतरी रोखून धरलाय. नोंदच नसेल तर तुमचं नाव पगाराच्या यादीत चढलेलंच नाही. बदलीत हे फार होतं. जुनी साइट नाव काढते, नवी साइट हजेरी पाठवत नाही.

हिशेबी: कायद्याच्या भानगडीत पडू नका. सुपरवायझरला तो लागूच नाही, 24 हजारांच्या वर पगार असला की संपलं.

पेरोलमधली: ती मर्यादा जुन्या 1936 च्या कायद्यात होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू आहे, तिच्यात वेळेवर पगाराच्या नियमाला ती मर्यादा नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत. पण पहिल्याच मेलमध्ये कलमं घालू नका, मेल कायदा विभागाकडे जातो आणि तिथेच पडून राहतो. स्वानुभव.

सुनंदा_ठाणे: नम्रपणाचं कौतुक पुरे. आमच्या ह्यांनी असेच गोड मेल चार महिने पाठवले. पाचव्या महिन्यात ऑफिसला कुलूप.

पेरोलमधली: ताई, तिथे सगळ्यांचेच थकले असतील ना? तसं असतं तर मीही काकांच्या बाजूने बोलले असते.

गोदामवाला: पासबुक पाहिलं. डिसेंबरची नोंद आहे, जानेवारीची नाही.

पेरोलमधली: मग यादीतून सुटलात. असं लिहा:

'एम्प्लॉयी कोड अमुक. 2 जानेवारीपासून भिवंडी येथे रुजू. जानेवारी व फेब्रुवारीचा पगार जमा नाही, जानेवारीच्या पीएफचीही नोंद नाही. बदलीमुळे नाव पगार यादीतून सुटले असावे असे वाटते. बदलीपत्र व दोन्ही महिन्यांची हजेरी जोडली आहे. थकीत पगार कोणत्या तारखेला जमा होईल, ते शुक्रवारपर्यंत कळवावे, ही विनंती.'

विनंती राहू द्या, 'सवडीने' काढा. आणि फोनवर 'करतो' म्हणाले तर लगेच 'आत्ता बोलणं झाल्याप्रमाणे' असा दोन ओळींचा मेल टाका.

खडूस_काका: आणि प्रत गोदामाच्या मॅनेजरला.

पेरोलमधली: हजेरी त्यानेच पाठवली नसेल तर तो बिथरेल. आधी तोंडी विचारा.

खडूस_काका: बिथरू दे की. दोन महिने पगार कोणाचा अडकलाय?

गोदामवाला: मॅनेजर रजेवर आहे, सोमवारी येतो. प्रत टाकू की थांबू?