मदत हवी आहे: सकाळच्या शिंका, सर्दी की ॲलर्जी?

नमस्कार मंडळी. आम्ही रंकाळ्याजवळ राहतो. पावसाळा सुरू झाल्यापासून आमच्या ह्यांना अंथरुणातून उठलं की ओळीनं शिंका, नाक चोंदलेलं, डोळ्यांना खाज. दहा वाजले की माणूस ठणठणीत! सासूबाई म्हणतात सर्दीच हाय, काढा दे. पण साधी सर्दी आठ-दहा दिवसांत उतरते, घसा दुखतो, अंग मोडून येतं, कधी कणकण असते. ह्यांना त्यातलं काहीच नाही. नाकातून नुसतं पाणी आणि टाळूलाही खाज.

डॉक्टरांनी ॲलर्जी सांगितली. ओलसर हवेत गादी-उशीत धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात, म्हणून त्रास सकाळी. नाकातला स्टेरॉइड स्प्रे रोज मारायचा, पूर्ण गुण यायला दोनेक आठवडे लागू शकतात. हे मात्र दोन दिवसांत कंटाळून नाक मोकळं करणाऱ्या थेंबांकडे वळतात. ते थेंब चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर नाक उलट जास्त चोंदतं.

कोल्हापुरात कुणी त्वचेवरची ॲलर्जी चाचणी करून घेतली आहे का? त्याआधी ॲलर्जीच्या गोळ्या किती दिवस बंद ठेवायला सांगितल्या? आणि चादरी गरम पाण्यात धुवायच्या म्हणे, पण या पावसात कापसाची गादी कशी वाळवता?