मदत हवी आहे: व्हॅन बदलू की मामांशी बोलू?

नमस्कार मंडळी. अनगोळात राहतो, लेक दुसरीत आहे. तिच्या व्हॅनला सारखा उशीर होतो. व्हॅन चालवणारे मामा म्हणतात, "टिळकवाडीचं रेल्वे गेट पडलं होतं." आम्हा बेळगावकरांना ते लगेच पटतंही!

तरी यावेळी 10 दिवस वेळा लिहून ठेवल्या. ठरलेली वेळ आमच्या स्टॉपची 7.40, पहिल्या स्टॉपची 7.20; तिथल्या वेळा तिथल्या वहिनींकडून घेतल्या. व्हॅन 4 दिवस उशिरा आली. त्यातले 3 दिवस ती पहिल्या स्टॉपवरच 7.32 च्या पुढे पोचलेली, आणि तो स्टॉप गेटच्या अलीकडे आहे. म्हणजे गेट फार तर एकदाच आडवं आलं. खरी अडचण निघण्याचीच. मग भरपाईला गाडी पळवतात, ते मला उशिरापेक्षा जास्त खुपतं.

स्वभावाने मामा चांगले, मुलांवर ओरडत नाहीत. पण उशीर होणार असला तरी फोन नाही.

दुसरं म्हणजे, गाडीची पाटी पांढरी आहे. भाड्याने मुलं नेणाऱ्या गाडीला पिवळी पाटी आणि परमिट लागतं. खासगी नोंदणीवर भाडं घेतलं, तर अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते. mParivahan ॲपवर गाडीचा नंबर टाकला, तर फिटनेस, विम्याच्या तारखा दिसतात.

शाळा म्हणते, व्हॅन आमची नाही. असं असताना पालकांनी मिळून मामांशी पाटीचा विषय कसा काढला, कुणी सांगेल का? अनगोळ-वडगाव भागात पिवळ्या पाटीची व्हॅन असेल तर तीही कळवा.