वडिलांच्या घरावर जीएसटी नोंदणी

"सिडकोत वडिलांच्या घरातून मसाले विकणार आहे. नोंदणी आत्ताच हवी का? तपासणीला कोणी येतं का?"

माल महाराष्ट्रातच विकणार असाल, तर वार्षिक उलाढाल ४० लाखांपुढे जाईपर्यंत गरज नाही. सुरतच्या दुकानदाराला माल द्यायचा असेल, तर मात्र ही सूट नाही. नोंदणी आधीच हवी.

पॅन, आधार, फोटो यांत कोणी अडकत नाही, अडतं ते जागेच्या कागदावर. भाडेकरार नाही, म्हणून वडिलांचं संमतीपत्र आणि त्यांच्या नावाचं लाइट बिल किंवा घरपट्टीची पावती जोडा. बिल अजून आजोबांच्या नावावर असेल (सिडकोत हे घरोघरी!), तर घरपट्टीची पावती बघा. अर्जातला पत्ता त्या कागदाशी तंतोतंत जुळवा.

तपासणी सगळ्यांची होत नाही. आधार पडताळणी टाळली किंवा अर्ज जोखमीचा ठरला, तर अधिकारी येऊन जागेचे फोटो काढतात. मग सात कामाच्या दिवसांऐवजी तीस दिवसांपर्यंत थांबावं लागतं. तेव्हा आधार पडताळणी कराच.