मदत हवी आहे: झिरोथ लॉमध्ये नियम म्हणण्यासारखं काय आहे?

कराडचा_फर्स्टइयर
नमस्कार मंडळी. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, शुक्रवारी तोंडी परीक्षा आहे. थर्मोडायनॅमिक्सचा पहिलाच धडा आणि तिथेच अडकलोय.

पुस्तकात लिहिलंय की अ आणि ब समतोलात असतील, ब आणि क समतोलात असतील, तर अ आणि क पण समतोलात असतात. हे तर उघडच आहे की! माझी उंची तुझ्याएवढी, तुझी त्याच्याएवढी, असंच ना? याला नियम कशाला म्हणायचं?

दुसरं, सरांनी विचारलं की रात्रभर एकाच खोलीत ठेवलेली लोखंडी कढई आणि लाकडी पाट, यात जास्त थंड कोण? मी कढई म्हणालो. सर हसले आणि पुढच्या रोल नंबरकडे गेले.

तिसरं म्हणजे प्रॅक्टिकल. बीकरमध्ये पाणी 60 अंशांवर होतं. त्यातच एक अरुंद परीक्षानळी 5 मिली पाणी भरून बराच वेळ उभी केली होती. नळी बाहेर काढून कोरडा थर्मामीटर घातला तर 55 दाखवतोय. परत बीकरमध्ये घातला की 60! पार्टनर म्हणतो थर्मामीटर बाद आहे. प्लीज सोप्या भाषेत सांगा.

सर्किट_बाबू
सोपं आहे रे. गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे उष्णता जाते, दोघांची उष्णता सारखी झाली की थांबते. हाच झिरोथ लॉ. एवढं लिहिलंस तरी मार्क मिळतील.

दोन_पोरांची_आई
थर्मामीटरचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते, आमच्या धाकट्याला काखेत डिजिटल लावला की 99.1 आणि जुना पाऱ्याचा लावला की 100.2 येतो. कुठला खरा धरायचा? डॉक्टरांना फोन करायचा का?

निवृत्त_मास्तर
ताई, मुलाची तब्येत ढिली वाटत असेल तर आकड्यांची वाट न बघता फोन करा. बाकी तुमचा प्रश्न धाग्याला सोडून नाही, त्याच्याकडे येतो.

आधी बाबूंचं. अर्धं बरोबर आहे, पण नेमका मोक्याचा शब्द चुकलाय. उष्णता सारखी होत नाही, तापमान सारखं होतं. 40 अंशांच्या बादलीभर पाण्यात 40 अंशांची वाटी तरंगत ठेवा. बादलीत ऊर्जा कितीतरी जास्त, तरी वाटीकडे काहीही जाणार नाही. आणि गरमाकडून थंडाकडे जाते, हे झिरोथ लॉ सांगतच नाही, तो दुसऱ्या नियमाचा प्रांत. झिरोथ लॉमध्ये गरम हा शब्दच येत नाही.

आता मूळ प्रश्न. बाळा, उंचीचं उदाहरण तू दिलंस आणि तिथेच फसलास. उंची नावाची एक संख्या प्रत्येकाकडे असते हे तू आधीच धरून चाललास. तापमान अजून जन्मालाच आलं नाही असं समज. तुझ्याकडे एवढंच आहे: दोन वस्तू एकमेकींना चिकटवल्या, बराच वेळ थांबलो, आणि दोघींतही काही बदल होईनासा झाला. पारा हलत नाही, हवेचा दाब बदलत नाही. याला समतोल म्हणायचं. म्हणजे हे दोन वस्तूंमधलं नातं आहे, आणि नातं तिसऱ्यापर्यंत पोचेलच असं नसतं. चुंबक घे आणि दोन साधे खिळे घे. पहिला खिळा आणि चुंबक ओढले जातात, चुंबक आणि दुसरा खिळाही ओढले जातात. चुंबक बाजूला केलास तर ते दोन खिळे एकमेकांना ओढतात का?

समतोलाचं नातं तसं नाही, ते तिसऱ्यापर्यंत पोचतं. हे कागदावर सिद्ध झालेलं नाही, निसर्गात तसं आढळतं, म्हणून तो नियम. आणि तो आहे म्हणूनच जगातल्या सगळ्या वस्तूंचे गट पाडता येतात. एका गटातल्या सगळ्या एकमेकींशी समतोलात. गटाच्या दारावर जो आकडा लिहितो, तो तापमान. थर्मामीटर हा मधला ब. तुझ्या कराडचं पाणी आणि टोरांटोतलं पाणी कधी भेटणार नाही, तरी ब दोघांकडे जाऊन आला आणि दोन्हीकडे पारा त्याच रेघेवर थांबला, तर भेटले असते तरी काही घडलं नसतं, असं छातीठोक सांगता येतं.

शून्यावा का, तर पहिला-दुसरा नंबर आधीच वाटून झाले होते. हा त्यांच्याही आधी हवा हे उशिरा लक्षात आलं. हे नाव 1930 च्या दशकातलं, राल्फ फाउलर यांच्याशी जोडलं जातं.

ऑरेंजसिटी
कढईचं मी सांगतो. दोन्ही सारख्याच थंड, थर्मामीटर लावून बघ. आमच्याकडे नागपुरात मे महिन्यात याच्या उलट होते भाऊ. खोलीत 43 असलं की लोखंडी पलंगाची दांडी चटका देते आणि लाकडी पाटावर आरामात बसता येते. कढई जर जात्याच थंड असती तर मे महिन्यात तिला मिठी मारून झोपलो नसतो का?

निवृत्त_मास्तर
वा! यापेक्षा चांगलं उत्तर परीक्षेत देता येणार नाही. हाताची कातडी साधारण 33 अंशांवर असते. खोली 25 ला असेल तर लोखंडाला टेकलेली कातडी क्षणात 26 च्या आसपास उतरते, कारण लोखंड उष्णता आत ओढून नेत राहतं. लाकडाला टेकलेली जेमतेम 30-31 पर्यंत उतरते. मेंदूला कळतं ते कातडीचं तापमान, कढईचं नाही. खोलीच 33 ला असेल तर डोळे मिटून पाट कुठला नि कढई कुठली हे थंडाव्यावरून सांगता यायचं नाही.

आणि हेच परीक्षानळीत झालंय. थर्मामीटर पाण्याचं तापमान दाखवत नाही, स्वतःचं दाखवतो. तो आत गेला तेव्हा 25 ला होता. 60 कडे येण्यासाठी त्याने उष्णता घेतली कुणाकडून? त्याच 5 मिली पाण्याकडून. हिशेब कर. 5 ग्रॅम पाणी म्हणजे अंशाला 5 कॅलरी. नळीच्या भिजलेल्या काचेची अंदाजे 1 धर. काच आणि पारा दोघांनाही दर घनसेंटिमीटरला अंशामागे जवळपास 0.46 कॅलरी लागते, त्यामुळे थर्मामीटरचा फक्त बुडालेला भाग मोजला की झालं. तो 2 मिली धरला तर अंदाजे 1 कॅलरी.

```
(6 × 60 + 1 × 25) / 7 = 55
```

थर्मामीटर खोटं बोलत नाहीये. तू त्याला बुडवलंस तेव्हा नळीतलं पाणी खरोखरच 55 ला आलं. बीकरमध्ये पाणी भरपूर, तिथे ही चोरी कळतही नाही.

ताई, तुमच्याकडेही मुद्दा समतोलाचाच. पाऱ्याचा काखेत चार-पाच मिनिटं गच्च धरला तर तो शेवटपर्यंत पोचतो. डिजिटलची बीप वाजते तेव्हा वाढ मंदावलेली असते, थांबलेलीच असते असं नाही. मध्ये हवेची फट राहिली तरी कमी येतो. बीपनंतर तसाच धरून ठेवा आणि पुन्हा बघा.

सर्किट_बाबू
सर, उष्णतेचं मान्य, घाईत लिहिलं. पण 55 चं उत्तर फारच जुळवून आणलेलं वाटतंय. नळी बाहेर काढली तेव्हा हवेतही निवली असेल की.

निवृत्त_मास्तर
शंका रास्त. थर्मामीटर आधी बीकरमध्ये 60 ला आणायचा आणि मग नळी बाहेर काढून त्यात घालायचा. तरीही 55 आले तर दोष हवेचा, 60 च्या जवळ राहिले तर थर्मामीटरचा.

डेट्रॉइटकर
इथे थंडीत रेडिओवर 20 ऐकलं की आई फोनवर म्हणते, मग छान आहे की हवा! फॅरनहाइट ग, उणे सात. माझी एक शंका: 20 सेल्सिअसचं 40 झालं तर दुप्पट गरम झालं का? इथल्या आकड्यांत ते 68 चं 104 होतं, दुप्पट नाही.

निवृत्त_मास्तर
नाही झालं. केल्व्हिनमध्ये 293 चं 313 झालं, म्हणजे जेमतेम सात टक्के. गट पाडून देणं एवढंच झिरोथ लॉचं काम, दारावरचा आकडा आपण ठरवतो. 1742 मध्ये सेल्सिअसने स्वतः उकळत्या पाण्याला 0 आणि बर्फाला 100 दिलं होतं. जितकं गरम तितका आकडा लहान! झिरोथ लॉला काहीच फरक पडला नाही, पुढे लोकांनी ते उलटवलं.

त्याहून गमतीची गोष्ट ही की दोन टोकं जुळवली तरी मधलं जुळत नाही. पाऱ्याचा एक आणि अल्कोहोलचा एक थर्मामीटर घ्या, दोघांवर 0 आणि 60 च्या खुणा करा आणि मधले समान 60 भाग पाडा. पारा 30 म्हणेल तिथे अल्कोहोल साडेअठ्ठावीसच्या आसपास असेल, कारण अल्कोहोल गरम होत जातं तसं जास्त फुगतं. चूक कुणाची? कुणाचीच नाही, दोघांची मोजपट्टी वेगळी. विरळ वायूंचं तसं नाही. दाब कमी करत नेला की हायड्रोजन असो वा नायट्रोजन, सगळे एकच आकडा सांगू लागतात, आणि त्यांची रेघ मागे ओढली की दाब उणे 273.15 ला शून्यावर येतो. केल्व्हिनचं शून्य तिथलं, म्हणून दुप्पट-तिप्पट हे शब्द फक्त तिथेच वापरायचे.

एन्ट्रॉपी_देशपांडे
मास्तर, आदर ठेवून म्हणतो, झिरोथ लॉला स्वतंत्र नियम मानायचं कारण नाही. दुसरा नियम नीट मांडला तर त्यातूनच तो निघतो.

निवृत्त_मास्तर
दुसरा नियम मांडतानाच समतोल गृहीत धरता ना? मग निघाला कुठून, आधी खिशात घातलेलाच बाहेर काढलात.

एन्ट्रॉपी_देशपांडे
सगळ्या मांडण्या तशा नाहीत. वेगळा धागा काढतो, इथे पोराची परीक्षा आहे.

कराडचा_फर्स्टइयर
आज लॅबमध्ये परत केलं. थर्मामीटर आधी 60 ला आणून मग घातला तर 58.5 आले. म्हणजे दीड अंश हवेने खाल्ला, बाबूदादा पण बरोबर. उरलेले साडेतीन थर्मामीटरचे. त्यावरून उलटा हिशेब केला:

```
6 × 3.5 = C × (55 − 25)
C = 0.7
```

मग मोजपात्रात पाणी घेऊन थर्मामीटर तेवढाच बुडवला, पातळी दीड मिली चढली. 1.5 × 0.46 = 0.69! सर, तुम्ही 2 मिली धरले होते. पार्टनर आता म्हणतोय की नळीच्या काचेची 1 कॅलरी आपण मोजलेलीच नाही, ती कशी मोजायची?