मदत हवी आहे: आरटीएक्स ४०६० (८ जीबी) घेतलं आहे, मॉनिटर कोणता घेऊ? १४४०पी १८० हर्ट्झ की १०८०पी २४० हर्ट्झ? आयपीएस की व्हीए?

सायंतारा

नमस्कार. कार्ड घेऊन झालंय, ते बदलणार नाही. आरटीएक्स ४०६०, ८ जीबी, सोबत रायझन ५ ५६०० आणि १६ जीबी रॅम. मॉनिटर अजून जुनाच आहे, २४ इंची, १०८०पी, ६० हर्ट्झ.

दिवसा याच टेबलावर कोडिंग करते, म्हणजे अक्षरं स्वच्छ दिसायला हवीत. रात्री दिवे मालवून कथेवर चालणारे मोठे ओपन वर्ल्ड गेम खेळते. आठवड्यातून एकदोनदा मित्रमैत्रिणींबरोबर ऑनलाइन शूटर असतो.

शेवटी तीन पर्याय उरलेत. तिन्ही २७ इंची:

अ) १४४०पी, १८० हर्ट्झ, आयपीएस
ब) १४४०पी, १६५ हर्ट्झ, व्हीए, वक्र
क) १०८०पी, २४० हर्ट्झ, आयपीएस

४०६० ला १४४०पी झेपेल का, हा माझा मुख्य प्रश्न. आणि झेपत नसेल तर १८० हर्ट्झचा उपयोग काय?

खटपट्या

सरळ हिशेब आहे. कार्ड जितक्या फ्रेम देतं तितक्याच हर्ट्झचा मॉनिटर घ्यायचा. मोठ्या गेममध्ये ४०६० १४४०पीला १८० फ्रेम कधीच देणार नाही, मग ते १८० हर्ट्झ वायाच. १०८०पी घ्या, ७५ किंवा १०० हर्ट्झ भरपूर झाले. १४४०पीमध्ये १०८०पीच्या पावणेदोनपट पिक्सेल असतात हे विसरू नका.

गच्चीवरचा

माझ्याकडे कन्सोल आहे आणि मी ४के टीव्हीला जोडलाय, १२० हर्ट्झचा. एचडीएमआय २.१ची केबल लावल्यावरच १२० चालू झालं. तुम्हीही केबल आधी तपासा.

सायंतारा

@गच्चीवरचा, धन्यवाद, पण माझा पीसी आहे आणि डिस्प्लेपोर्ट वापरणार आहे.

दीर्घसूत्री

खटपट्या, पिक्सेलचा हिशेब बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही. मॉनिटरचे हर्ट्झ ही वरची मर्यादा आहे, ती गाठलीच पाहिजे असं नाही. फ्रीसिंक किंवा जी-सिंक कम्पॅटिबल मॉनिटरवर फ्रेम तयार झाली की पडदा तेव्हाच ताजा होतो. १८० हर्ट्झच्या पडद्यावर ती फ्रेम वरपासून खालपर्यंत साधारण ५.६ मिलिसेकंदांत उतरते, मग गेम ७० फ्रेमने का चालत असेना. ठराविक ६० हर्ट्झच्या पडद्यावर व्ही-सिंक लावून खेळताना एखाद्या फ्रेमला १८ मिलिसेकंद लागले, तर ती १६.७ची गाडी चुकते आणि थेट ३३.३ला दिसते. तोच तो गचका. म्हणून ७० फ्रेमला १८० हर्ट्झ वाया जात नाहीत.

सायंतारा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर वरच्या आकड्यात नाही, खालच्या आकड्यात आहे. कार्डाच्या फ्रेमप्रमाणे रिफ्रेश रेट बदलण्याला व्हीआरआर म्हणतात, आणि प्रत्येक मॉनिटरच्या व्हीआरआरला खालची हद्द असते, बऱ्याच मॉनिटरवर ती ४८ हर्ट्झ असते. फ्रेम ४८च्या वर असताना पडदा कार्डामागून चालतो. ४८च्या खाली घसरल्या की ड्रायव्हर तीच फ्रेम दोनदा दाखवतो. म्हणजे ४९ फ्रेमला पडदा ४९ हर्ट्झवर असतो आणि ४७ला एकदम ९४वर उडी मारतो. आयपीएसवर ही उडी सहसा जाणवत नाही. व्हीएवर मात्र पिक्सेलचा उजेड रिफ्रेश रेटबरोबर थोडा बदलतो, त्यामुळे गेम त्या हद्दीभोवती रेंगाळला की अंधाऱ्या दृश्यात पडदा लुकलुकतो. तुम्ही दिवे मालवून खेळता, तेव्हा हे नेमकं तुमच्याच डोळ्यांत येईल.

म्हणून घेण्याआधी सरासरी फ्रेमपेक्षा 'वन पर्सेंट लो', म्हणजे सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा वेग, किती पडतो ते बघा. आणि त्यासाठी नवा मॉनिटर लागतही नाही. १०८०पीवरच १४४०पी मोजता येतं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये `Manage 3D settings` उघडा, `DSR - Factors` मध्ये `Legacy scaling` खालचं `1.78x` निवडा. वरचं `DL scaling` घेऊ नका, त्याचं जास्तीचं काम कार्डावर पडतं. मग गेममध्ये फुलस्क्रीन ठेवून 2560×1440 निवडा. व्ही-सिंक बंद, आफ्टरबर्नरचा ओव्हरले चालू, आणि त्यावर फ्रेम, वन पर्सेंट लो, जीपीयूचा वापर एवढं ठेवा. गेममधला सगळ्यात गजबजलेला भाग निवडा, दर वेळी तोच रस्ता चाला. मोकळ्या माळरानावर मोजलेला आकडा फसवतो.

अर्धवट_चहा

ब पर्याय माझ्याकडे आहे (त्याच कंपनीचा नसेल कदाचित, पण १६५ हर्ट्झ, व्हीए, वक्र). दीर्घसूत्री म्हणतात ते मी रोज बघतो. गेममध्ये गुहेत शिरलो की भिंती फडफडतात, लोडिंगच्या काळ्या पडद्यावर तर फारच. फ्रेम ६०ला बांधल्या की थांबतं. दुसरी गोष्ट, काळ्या कोटातला माणूस राखाडी भिंतीसमोरून पळाला की मागे धूसर शेपूट राहतं.

पण काळा रंग! आयपीएसचा कॉन्ट्रास्ट हजाराला एकच्या आसपास असतो, माझ्या व्हीएचा तीन हजारांच्या वर. दिवे बंद केल्यावर हा फरक कोणालाही दिसेल. आयपीएसवर रात्रीचं आकाश राखाडी दिसतं आणि कोपरे उजळतात. मी पुन्हा घेतला तरी व्हीएच घेईन.

सायंतारा

मोजलं. प्रत्येक वेळी बाजारपेठेतला तोच रस्ता, गर्दीतून.

मोठा गेम, हाय सेटिंग, रे ट्रेसिंग बंद:
१०८०पी: सरासरी ८४, वन पर्सेंट लो ६२
१४४०पी: सरासरी ५७, वन पर्सेंट लो ४४
१४४०पी, डीएलएसएस क्वालिटी: सरासरी ७८, वन पर्सेंट लो ५९

शूटर, सगळं लो:
१०८०पी: सरासरी २३०, वन पर्सेंट लो १४०, जीपीयू ६५ टक्के
१४४०पी: सरासरी २०५, वन पर्सेंट लो १३५, जीपीयू ९७ टक्के

डीएलएसएस लावल्यावर १४४०पी जवळजवळ १०८०पीइतकंच हलकं कसं झालं? आणि शूटरमध्ये १०८०पीला कार्ड रिकामं का बसलंय?

दीर्घसूत्री

नेमकं मोजलंत. डीएलएसएस क्वालिटीत १४४०पीचं चित्र आतून 1707×960 वर काढलं जातं. हे पिक्सेल १०८०पीपेक्षाही कमी आहेत, वर फक्त चित्र मोठं करण्याचा खर्च पडतो. हेच डीएलएसएस १०८०पीच्या पडद्यावर लावलं तर आत ७२०पी होतं आणि लांबच्या पानांची, तारांची गिचमिड होते. म्हणून ४०६० साठी १४४०पी अधिक डीएलएसएस हे मूळ १०८०पीच्या बरोबरीचं ओझं आहे, चित्र मात्र माझ्या मते जास्त नीट येतं.

पण ८ जीबी लक्षात ठेवा. टेक्श्चर अल्ट्रावर नेलं आणि मेमरी भरली, तर सरासरी फार हलत नाही, पण वन पर्सेंट लो कोसळतो. तसं दिसलं तर आधी टेक्श्चर एक पायरी खाली आणा, बाकीची सेटिंग नंतर.

शूटरमध्ये १०८०पीला तुमचा प्रोसेसर अडतोय. कार्ड ६५ टक्क्यांवर आहे याचा अर्थ ते वाट बघतंय. म्हणजे क घेतला तरी २४० सतत भरणार नाही, गर्दीत १४०ला येणारच. १४४०पीला तोच तळ १३५ आहे. पाच फ्रेमसाठी २७ इंचांवर १०८०पीची जाड अक्षरं दिवसभर बघायची, हे मला पटत नाही. २७ इंचांत १०८०पी म्हणजे इंचाला ८२ पिक्सेल, १४४०पी म्हणजे १०९. तुमच्या सध्याच्या २४ इंचीवर ९२ आहेत. म्हणजे क घेतलात तर अक्षरं आजच्यापेक्षा खराब दिसतील.

क बाद. आता अ की ब, ते वन पर्सेंट लोवर ठरेल. डीएलएसएससह तुमचा तळ ५९ आहे, ४८पासून थोडाच वर. आजच्या गेमला व्हीए चालून जाईल. पुढच्या जड गेममध्ये तळ ४५ला आला की अर्धवट_चहांची गुहा तुमच्याकडेही येईल.

खटपट्या

फ्रेम जनरेशन लावा की मग, दोन खऱ्या फ्रेममध्ये कार्ड एक स्वतः बनवून घालतं. ४०६० ला आहे. ५७चे ९० होतील, हद्दीच्या वर राहाल, व्हीए बिनधास्त घ्या.

दीर्घसूत्री

पडद्यावर ९० दिसतील हे खरं, आणि लुकलुकणं कमीही होऊ शकेल. पण माऊसला मिळणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेमचाच राहतो, उलट किंचित उशीर वाढतो. शिवाय ते मेमरी खातं, आणि तीच इथे तोकडी आहे. तळ ६०च्या आसपास असेल तर लावून बघावं, ४०ला असेल तर त्याच्या भरवशावर पॅनेल निवडू नये.

वेगवान_विहीर

मी शूटर गंभीरपणे खेळतो आणि क इतक्या सहज बाद करणं मला मान्य नाही. फ्रेम १४० ते २३० मध्ये असल्या तरी २४० हर्ट्झवर हालचाल जास्त स्पष्ट दिसते. सायंताराने प्रोसेसर पुढे बदलला तर क मध्ये वाव आहे, अ मध्ये कार्डच ९७ टक्क्यांवर अडलंय.

दीर्घसूत्री

शूटर रोज असता तर मीही तेच म्हणालो असतो, पण मग २४ इंचीतला २४० सुचवला असता. इथे कोडिंग आणि रात्रीचे गेम जास्त आहेत.

सायंतारा

क नको, हे पक्कं. अ कडे कल आहे, पण राखाडी आकाशाचं वाचून मन खट्टू झालंय. अ घेताना काय तपासू?

दीर्घसूत्री

तीन गोष्टी. पहिली, मॉनिटरची परीक्षणं वाचताना १८० हर्ट्झचा रिस्पॉन्स टाइम बघून थांबू नका, ६० हर्ट्झचाही बघा. बऱ्याच आयपीएसमध्ये ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेलला रंग लवकर बदलायला दिलेला जोर, वरच्या वेगासाठी जुळवलेला असतो, ७० फ्रेमला तोच जास्त होतो आणि हलत्या वस्तूमागे उजळ कड उमटते. तसं दिसलं तर मेनूत ओव्हरड्राइव्ह मधल्या पायरीवर आणा. दुसरी, विंडोजच्या `Advanced display` मध्ये जाऊन १८० हाताने निवडा, नवा मॉनिटर बऱ्याचदा ६०वरच सुरू होतो. तिसरी, जी-सिंक आणि ड्रायव्हरमधलं व्ही-सिंक चालू ठेवून फ्रेम १७४ला बांधा. शूटरमध्ये २०५ येतायत, त्या मोकळ्या सोडल्या तर १८०च्या वर जी-सिंक सुटतं.

राखाडी आकाशाला सेटिंगमध्ये उपाय नाही. पडद्यामागच्या भिंतीवर मंद उजेड ठेवला आणि ब्राइटनेस उतरवला की खटकणं कमी होतं, एवढंच.

अर्धवट_चहा

मागे दिवा लावायचाच असेल तर दिवे मालवून खेळण्यात काय उरलं? सायंतारा, परत करायची सोय असेल तिथून ब आणा आणि त्याच बाजारपेठेच्या रस्त्यावर, रात्रीच्या वेळी, फ्रेम ६०ला बांधून बघा. लुकलुकलं नाही तर तो काळा रंग सोडवणार नाही तुमच्याने.

सायंतारा

६०ला बांधून ५९चा तळ, म्हणजे जवळपास सपाट रेघ. हे जमण्यासारखं आहे. शनिवारी दोन्ही पॅनेल शेजारी ठेवलेली बघायला मिळणार आहेत, तेव्हा काळा पडदा लावून आधी कोपरे बघते. मॉनिटरच्या मेनूत चालू रिफ्रेश रेट दिसतो का? ४८च्या आसपासची ती उडी मला स्वतः बघायची आहे.

दीर्घसूत्री

बऱ्याच मॉनिटरच्या मेनूत असतो, रिफ्रेश रेट किंवा एफपीएस नावाने. गेममध्ये फ्रेम आधी ५०ला बांधा, मग ४६ला. आकडा ५०वरून ९२च्या आसपास गेला की हद्द ओलांडलीत. दोन्ही पॅनेलवर तेव्हाच एखादा अंधारा कोपरा बघा आणि इथे लिहा.