मदत हवी आहे: पिव्होटची बेरीज शीटपेक्षा १६,४५० किलो कमी येतेय

शिरोलीकर:
मंडळी, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत डिस्पॅचचं बघतो मी. चलनवार रजिस्टर एक्सेलमध्ये आहे, १२४८ ओळी, G कॉलमला वजन. खाली SUM लावलाय तो म्हणतोय ४,१२,८६० किलो आणि पिव्होटचा ग्रँड टोटल म्हणतोय ३,९६,४१०. साहेब सकाळपासून विचारतायत की १६,४५० किलो कास्टिंग गेलं कुठं, जसं काय मीच पंचगंगेत टाकून आलोय. रिफ्रेश दहा वेळा मारून झालं. आधीच्या माणसानं मधल्या बऱ्याच ओळी हाईड करून ठेवल्यात, माझा संशय त्यांच्यावरच आहे, पण कशासाठी केल्यात माहीत नाही म्हणून हात लावला नाही अजून.

उद्यमनगरवाला:
भावा वजन टेक्स्ट म्हणून पडलं असणार काही ठिकाणी, सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतोय का बघ. आमच्यात चलनाच्या सॉफ्टवेअरमधनं पेस्ट केलं की हमखास होतंय. नंबर करून घे, झालं काम.

दूधसंस्था_लेखनिक:
माझं पण असंच, लिटरची बेरीज मागितली तर पिव्होट ४७, ५२ असलं कायतरी दाखवतोय, आमच्या एका गावात एवढंच दूध?

तात्या_हिशेबवाले:
लेखनिकताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुमच्याकडं बेरीज नाही, ओळींची मोजणी चाललीय. लिटरच्या कॉलममध्ये एखादा सेल टेक्स्ट असला, किंवा जुन्या एक्सेलमध्ये नुसता रिकामा असला, की एक्सेल आपणहून Count धरतो. आकड्यावर राईट क्लिक, Summarize Values By, त्यात Sum.

उद्यमनगरवाले, टेक्स्टचं असतं खरं, पण SUM सुद्धा टेक्स्ट सोडूनच देतो की. मग दोन्हीकडं सारखंच कमी पडलं असतं, फरक आला नसता.

आता शिरोलीकर. हाईड केलेल्या ओळींवरचा संशय सोडा. शीटवर ओळ लपवलेली असो नाहीतर फिल्टर लावलेला असो, पिव्होट सगळ्या ओळी धरतो. त्यामुळं घोटाळा झालाच तर डोळ्याला दिसतंय त्यापेक्षा पिव्होट जास्त दाखवेल, तुमचा तर कमी दाखवतोय. म्हणजे एकतर रेंज अपुरी आहे नाहीतर पिव्होटच्या आतच काहीतरी गाळलंय. हेच पिव्होट कॉपी करून बाजूला पेस्ट करा, त्यातली सगळी फील्ड बाहेर ओढा आणि Values मध्ये फक्त वजन ठेवा. नवीन बनवू नका, त्यानं जुन्याची रेंज तपासली जात नाही. पूर्ण आकडा आला तर रेंज बरोबर.

शिरोलीकर:
तात्या, आला! ४,१२,८६०. मग जुन्यात काय गंडलंय?

तात्या_हिशेबवाले:
जुन्याच्या वर Filters मध्ये एखादं फील्ड आहे का, आणि त्याच्यापुढं काय लिहिलंय?

शिरोलीकर:
ग्राहक गट आहे, पुढं `(Multiple Items)` लिहिलंय. आता आठवलं. मागच्या महिन्यात ही रिकाम्या नावाची भानगड कसली म्हणून साहेबांनी विचारलं तर मी `(blank)` ची टिक काढून टाकली होती, नंतर त्याच फाईलीत या महिन्याचा डेटा टाकला. शीटवर बघितलं तर १४ चलनांना गटच भरलेला नाही, त्यांचे ११,२०० किलो. आणि या महिन्यापासून एक्सपोर्ट म्हणून नवा गट चालू झालाय, त्यालाही टिक नाही, ५,२५० किलो. जुळलं की ओ सगळं!

तात्या_हिशेबवाले:
नव्या गटाचं असंच होतं. हातानं टिका काढून फिल्टर केला की पुढं येणारं नवं नाव बाहेरच राहतं. त्या फील्डच्या Field Settings मध्ये Subtotals & Filters ला `Include new items in manual filter` आहे, ते चालू करा. ते पुढच्यासाठी, एक्सपोर्टला आत्ता हातानंच टिक द्या. `(blank)` मात्र लपवू नका, ते १४ गट भरून घ्या. रिकामं बघवत नसेल तर निदान "गट नाही" असं लिहा.

शिरोलीकर:
केलं. पण यादीत अजून एक बिननावाची टिक आहे, `(blank)` पेक्षा वेगळी. तिच्या ३ ओळी आहेत, बेरजेत धरल्यात.

तात्या_हिशेबवाले:
बाजूच्या रिकाम्या सेलमध्ये हे लिहा, C57 च्या जागी तुमचा तो सेल:

```
=LEN(C57)
```

१ आला तर कुणीतरी स्पेस मारलाय. ० आला तर बहुतेक तिथं `""` देणारा फॉर्म्युला आहे, पिव्होट त्याला खरं रिकामं समजत नाही.

शिरोलीकर:
० येतोय, पण सेलमध्ये फॉर्म्युला नाही. त्यात साहेबांचा नवा हुकूम आलाय, हाईड केलेल्या ओळी पिव्होटमधनंही जायला पाहिजेत म्हणून.

उद्यमनगरवाला:
फॉर्म्युल्याचं कुणीतरी पेस्ट व्हॅल्यू केलं असंल. ते सेल निवड आणि नुसतं डिलीट मार, मग रिफ्रेश.

तात्या_हिशेबवाले:
हे बरोबर बोलले. हाईडसाठी शेजारी एक कॉलम घ्या:

```
=SUBTOTAL(103,B2)
```

दिसणाऱ्या ओळीला १, लपलेलीला ०, पण B मध्ये कायतरी भरलेलं पाहिजे. रेंजमध्ये हा कॉलम घ्या, पिव्होटला १ चा फिल्टर लावा. ओळी हाईड-अनहाईड केल्या की पिव्होट आपोआप बदलत नाही, रिफ्रेश मारा. पण त्या ओळी लपवल्यात कशासाठी ते आधी विचारा जुन्या माणसाला.

शिरोलीकर:
तो फोन उचलेना.