रूम संपल्या आणि गेस्ट दारात: तुमचे अनुभव सांगा

फ्रंटडेस्कवाली: विमाननगरला साठ रूमच्या हॉटेलात आहे. रोज तीन-चार जण येतच नाहीत म्हणून आम्ही त्रेसष्ट बुकिंग घेतो. परवा लग्नाची दाट तिथ, त्यात एका रूमचा गिझर फुटून ती बंद, म्हणजे पाच वाजता हिशोब केला तर चार रूम कमी. लगेच दहा मिनिटांवरच्या आमच्याच तोडीच्या हॉटेलात चार रूम धरून ठेवल्या आणि उशिरा येणाऱ्या, एकट्या, एकाच रात्रीच्या गेस्टना फोन लावले. दोघं तिकडेच परस्पर गेले, एकजण आलाच नाही. चौथ्याचा फोन बंद होता, तो पावणेबाराला काउंटरवर, तो मात्र चिडला. तुम्ही काय करता?

जुना_नाईटमॅनेजर: पाचला हिशोब केलास तिथेच अर्धं काम झालं. काउंटरवर बाकीच्यांसमोर बोलायचं नाही, बाजूला बसवून पाणी द्यायचं, मॅनेजरने स्वतः सांगायचं आणि चूक आमची म्हणायचं, सिस्टीमवर ढकलायचं नाही. टॅक्सी आपली, तिकडचं रात्रीचं बिल आपलं. त्याला कुणाचा फोन आला तर तिकडे जोडून द्यायला ऑपरेटरला सांगून ठेवायचं, हे हमखास राहतं. गेस्ट फॉरेनर असेल तर त्याच्या मुक्कामाची सरकारला द्यायची माहिती तो जिथे राहतो ते हॉटेल भरणार.

कोथरूडकर: सोप्पंय की, ज्यांनी ॲडव्हान्स दिला नाही त्यांना हलवा, पैसे भरलेल्यांना हात लावायचा नाही.

जुना_नाईटमॅनेजर: अहो, बिनॲडव्हान्सवाल्यांचं बुकिंग आमच्याकडे सहा वाजताच सुटतं. रात्री अकराला उरतात ते सगळे पैसे भरलेलेच, मग निवड त्यांच्यातूनच करावी लागते.

सहकारनगरची_मावशी: मला पण असंच झालं होतं, सकाळी नऊला पोचलो तर रूम दुपारी दोनला मिळाली!

फ्रंटडेस्कवाली: मावशी, ते चेक-इनच्या वेळेचं झालं, रूम होती, तयार नव्हती. इथे रूमच नसते.

रात्रीची_प्रवासी: मी हलवली गेलेली गेस्ट. रात्री साडेबारा, एकटी, हातात फक्त एक पत्ता लिहिलेला कागद आणि म्हणे रिक्षा करा. तिकडे गेल्यावर माझं नावच त्यांच्याकडे नाही. पैसे परत मिळाले, पण मी त्या हॉटेलात परत गेले नाही. एकट्या बाईला रात्री हलवूच नये.

फ्रंटडेस्कवाली: तुमचं वाचून वाईट वाटलं. मी आता ड्रायव्हर निघायच्या आधी तिकडच्या काउंटरला फोन करून रूम नंबर घेते आणि तोच गेस्टला सांगते. आमच्या त्या चौथ्या गेस्टला दुसऱ्या दिवशी परत आणायची गाडी पाठवली, वरच्या कॅटेगरीची रूम ठेवली होती, पण ते आले नाहीत.

जुना_नाईटमॅनेजर: एकट्या बाईचं मी पण पाळतो. पण कधी उरलेल्या दोघीही एकट्याच असतात, तेव्हा काय करायचं ते मला अजून उमगलेलं नाही.